काळ्या दगडावरचा उजेड : एका भूमिज मंदिराच्या रात्रीच्या प्रकाशयोजनेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गोदावरीच्या खोऱ्यातलं हे शिवमंदिर राज्य संरक्षित स्मारक आहे. स्थळाचं नाव आणि काही ओळखीच्या खुणा इथे वगळल्या आहेत. घडण अंबरनाथ आणि सिन्नरच्या गोंदेश्वराच्या कुळातली, म्हणजे काळा बेसाल्ट, तारकाकृती तळरचना, वर भूमिज शिखर आणि त्यावर ओळीने रचलेली छोट्या शिखरांसारखी कूटं. मंदिर सुमारे १.२ मीटर उंच जगतीवर, म्हणजे दगडी ओट्यावर, उभं आहे. जगतीवर भिंतीभोवती जेमतेम दोन मीटरची प्रदक्षिणेची वाट आहे. मंडोवर, म्हणजे मंदिराची बाहेरची भिंत, सुमारे साडेचार मीटर उंच असून तिचा घेर ४० मीटरच्या आसपास भरतो. कळस जमिनीपासून १४ मीटरवर आहे.

कोरीवकामाची खोली सगळीकडे सारखी नाही, आणि पुढचे बहुतेक निर्णय याच गोष्टीवर ठरले. खालच्या गजथरातले हत्ती दीड-दोन सेंटिमीटरच उठावाचे आहेत. त्यांच्या वर, जंघेवरच्या म्हणजे भिंतीच्या मधल्या पट्ट्यावरच्या सुरसुंदरी आणि कोनाड्यासारख्या देवकोष्ठातल्या मूर्ती सात-आठ सेंटिमीटर बाहेर आलेल्या आहेत. शिखरावरच्या कूटांचा उठाव त्याहून जास्त असला तरी माणूस त्यांच्याकडे लांबून पाहतो.

आवाराच्या चार कोपऱ्यांत भिंतीपासून १५ मीटरवर नऊ मीटर उंचीचे चार खांब होते. त्यांवर आधी ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे होते. पुढे ते काढून २०० वॅटचे, ६५०० केल्व्हिनचे म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे एलईडी फ्लडलाइट बसवले गेले. संध्याकाळी सातला दिवे लागायचे आणि पहाटे कुणाला आठवण झाली की बंद व्हायचे.

अडचण नेमकी काय होती

ग्रामपंचायतीच्या पत्रात तक्रार एका ओळीची होती : मंदिर रात्री नीट दिसत नाही, दिवे वाढवून द्यावेत. पाहणीत मात्र उजेड कमी असल्याचं आढळलं नाही. काही ठिकाणी तर भिंतीवर ६० लक्सपेक्षा जास्त उजेड पडत होता. काळ्या दगडालाही तेवढा पुरून उरतो. कमतरता सावलीची होती. प्रत्येक बाजूवर दोन कोपऱ्यांतून सारख्याच ताकदीचा उजेड येत होता. एका दिव्याने पाडलेली सावली दुसरा दिवा पुसून टाकायचा. दिवसा कमरेचा बाक आणि पैंजणाची कडी वेगळी दाखवणारी सुरसुंदरी रात्री राखाडी पत्र्यावर कापून चिकटवल्यासारखी दिसे.

दुसरी अडचण डोळ्यांवर येणाऱ्या झोताची. फाटकातून आत येणाऱ्याच्या नजरेसमोर मंदिराच्या आधी दोन उघडे फ्लडलाइट यायचे. त्यांनी डोळे दिपले की मागचा काळा दगड आणखी काळा वाटतो. ‘दिवे वाढवा’ या मागणीचं मूळ तिथे होतं. दिवे वाढवले असते तर त्रास वाढला असता आणि पुन्हा तीच मागणी आली असती.

तिसरी गोष्ट पत्रात नव्हती. ती देवळाचे गुरव बोलता बोलता म्हणाले : “साहेब, सकाळी आधी पाखरांचा सडा झाडायचा, मग जाळ्या काढायच्या, मग पूजा.” उजेडावर आलेल्या पाखरांमागे पाली येतात, कोळी कोरीवकामाच्या खाचांत जाळी विणतात, जाळ्यांवर धूळ बसते. ती काढायला खराटा आणि कधी पाण्याचा पाइप वापरला जात होता. खराट्याने घासल्याच्या खुणा नेमक्या दक्षिणेच्या भिंतीवरच्या मूर्तींच्या चेहऱ्यांवर सापडल्या, कारण तिथे उजेड सर्वांत जास्त आणि जाळीही सर्वांत जास्त. म्हणजे कीटकांचा प्रश्न सरळ दगडाच्या झिजेशी येऊन भिडत होता. म्हणूनच पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यांनी हा विषय विजेच्या दुरुस्तीत न ठेवता जतनाच्या कामात घेतला.

कोन आधी, वॅट नंतर

पर्यायांकडे जाण्याआधी एक साधं गणित मांडलं गेलं. त्यामुळे पुढची बरीच चर्चा सोपी झाली. भिंतीच्या पृष्ठभागाशी उजेड किती अंशांचा कोन करतो हे धरलं, तर सावलीची लांबी म्हणजे उठावाची खोली भागिले त्या कोनाचा टॅन.

```
सावली = खोली ÷ tan(कोन)

८ सेंमी उठाव :  १०° → ४५ सेंमी   २०° → २२ सेंमी
                ३०° → १४ सेंमी   ४५° →  ८ सेंमी
२ सेंमी उठाव :  १०° → ११ सेंमी   १५° → ७.५ सेंमी
                ३०° → ३.५ सेंमी
```

आठ सेंटिमीटर उठावाच्या मूर्तीवर १० अंशांनी उजेड टाकला तर तिची सावली ४५ सेंटिमीटर लांब पडते आणि शेजारची मूर्ती त्या सावलीत बुडते. ४५ अंशांना सावली मूर्तीलाच चिकटून राहते, घडण सपाट वाटू लागते. जंघेसाठी २५ ते ३० अंश योग्य ठरतात. गजथराला तोच कोन दिला तर हत्ती दिसेनासे होतात, त्यांना १५ अंशांच्या आसपासचा कोन लागतो. ‘तिरपा उजेड टाका’ एवढ्या सूचनेने भागत नाही ते यामुळे. एकाच भिंतीवरच्या दोन थरांना दोन वेगळे कोन हवे असतात.

उजेड किती, हा प्रश्न त्यानंतर आला. कोरड्या बेसाल्टवर पडलेल्या उजेडापैकी साधारण १२ टक्के परत येतो असं धरलं. दगड डोळ्यांना किती उजळ दिसेल ते या परत आलेल्या उजेडावर ठरतं. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत ग्रामीण परिसरातल्या इमारतींच्या दर्शनी भागासाठी सरासरी ५ कँडेला प्रति चौरस मीटर ही कमाल मर्यादा आहे. गावाबाहेरच्या अंधारात एवढी उजळ भिंत डोळ्यांत खुपते. त्यामुळे लक्ष्य १ कँडेला ठरवलं. त्यासाठी दगडावर सरासरी २६ लक्स लागतात, जुन्या दिव्यांच्या निम्म्याहून कमी.

पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय खांब तसेच ठेवून दिवे बदलण्याचा होता : ३००० केल्व्हिनचे फ्लडलाइट आणि त्यांवर झडपा. महिनाभरात काम झालं असतं. कीटक थोडे कमी झाले असते, फाटकाकडचा झोतही थोडा आटोक्यात आला असता. पण खांबांची जागा बदलत नाही तोवर भिंतीवरचा कोन बदलत नाही. कोरीवकाम होतं तसंच सपाट राहिलं असतं.

दुसरा पर्याय ठेकेदाराने आणला : भिंतीच्या पायथ्याशी जमिनीत पुरायचे, वर तोंड केलेले दिवे. हॉटेलांच्या दर्शनी भिंतींवर ते सर्रास दिसतात, त्यामुळे समितीतल्या दोघांना ते लगेच आवडले. ते नाकारण्यामागे तीन कारणं होती. संरक्षित स्मारकाच्या जगतीत खड्डे घेणं १९६० च्या राज्य कायद्याखाली परवानगीशिवाय शक्य नव्हतं, आणि परवानगी मागण्यासारखं कारणही नव्हतं. दुसरं, पुरलेल्या दिव्याच्या काचेच्या कडेने पावसाळ्यात पाणी मुरतं. दिवा तापतो, बंद झाला की थंड होतो आणि थंड होताना ओलावा आत ओढून घेतो, मग त्याच्यावर पाणी आत शिरत नसल्याचा आयपी ६७ चा छाप असो वा नसो. तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं, पण ते प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय पटलं नाही. शिल्पकाराने मूर्ती घडवली ती वरून येणाऱ्या उन्हासाठी. उजेड खालून आला की भुवयांची सावली कपाळावर चढते, हनुवटी उजळते आणि डोळ्यांच्या खोबणी उलट्या भासतात. बॅटरीवरचा एक दिवा देवकोष्ठाखाली धरला तेव्हा भैरवाची मूर्ती भेसूर दिसली एवढंच. पण शेजारची पार्वती ओळखूच येईना. विषय तिथेच मिटला.

तिसरा पर्याय वरून खाली उजेड टाकण्याचा, म्हणजे उन्हाची नक्कल. तत्त्व म्हणून तो सर्वांत बरोबर आहे, कारण उजेड आकाशात सांडत नाही आणि चेहरे जसे दिसावेत तसे दिसतात. पण त्यासाठी भिंतीजवळ सहा-सात मीटरचे खांब लागले असते किंवा कपोतावर, म्हणजे भिंतीच्या वरच्या पुढे आलेल्या कडेवर, दिवे अडकवावे लागले असते. पहिल्याने दिवसाचं दृश्य बिघडतं आणि दुसऱ्यात दगडाला हात लागतो.

उरला चौथा, बाजूने येणारा तिरपा उजेड : जगतीच्या काठाशी बुटके दिवे ठेवून उजेड भिंतीवर आडवा सोडायचा. तारकाकृती तळाला हा मानवतो. भिंत सरळ नसून कोपऱ्याकोपऱ्याने मागे-पुढे होते, त्यामुळे प्रत्येक दिव्यासमोर काही पैलू उजळतात आणि काही आपोआप काळोखात राहतात. मंदिराचं आकारमान त्या काळोखाने कळतं. अडचण एकच होती. प्रदक्षिणेच्या वाटेवरून चालणाऱ्याच्या डोळ्यांत हेच दिवे जाणार.

दिव्यांची दिशा

त्याचं उत्तर प्रदक्षिणेतच सापडलं. प्रदक्षिणा घालताना मंदिर उजव्या हाताला असतं. सगळे दिवे वाटेच्या डाव्या काठावर ठेवले आणि त्यांची तोंडं चालण्याच्या दिशेने, पुढे व उजवीकडे वळवली, तर चालणाऱ्याला प्रत्येक दिव्याची पाठच दिसते. असे एकूण चौदा दिवे एकाच रोखाने लावले. शिवमंदिरात सोमसूत्राशी, म्हणजे अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं तिथे, थांबून मागे फिरण्याची रीत आहे. परतणाऱ्याला दिवे समोरून दिसू नयेत म्हणून प्रत्येकावर १५ सेंटिमीटर खोल नळीसारखी टोपी बसवली. आतून ती काळी आणि खडबडीत आहे, कारण गुळगुळीत काळा रंगही तिरप्या कोनात चकाकतो.

या दिशेचा आणखी एक लाभ झाला. कोणत्याही बाजूला भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं तरी मुख्य उजेड उजवीकडूनच येतो. सावल्या एका शिस्तीत पडतात आणि नजर गोंधळत नाही.

दिवा भिंतीपासून बाहेर १.६ मीटर आणि उजळायच्या पैलूपासून बाजूला ३.५ मीटर ठेवला तर कोन साधारण २५ अंश येतो. गजथरासाठी तोच दिवा पुरत नाही. म्हणून ठळक चार पैलूंच्या अलीकडे भिंतीपासून ८० सेंटिमीटरवर, तीन मीटर मागे, एकेक छोटा दिवा जास्तीचा दिला. त्याचा कोन १५ अंश येतो आणि झोत अरुंद, वर फक्त ४० सेंटिमीटरची पट्टी उजळेल एवढाच. हे चार दिवे वाटेच्या आत येत असल्याने कायमचे ठेवले नाहीत, गट भेटीला आला की मांडायचे आणि उचलून ठेवायचे.

स्टँडचं वजन जगतीवर येऊ नये म्हणून त्याचे पाय जगतीच्या बाहेर जमिनीवर ठेवले. दीड मीटरच्या दांड्यामुळे दिवा जगतीच्या फरशीपासून ३० सेंटिमीटर वर येतो. बैठक म्हणून ४० × ४० × १५ सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा आहे. त्याचं वजन साधारण ५८ किलो भरतं, खोदकाम काहीच नाही. केबल जाड प्लास्टिकच्या पाइपातून गवतावरून नेली. वीज २४ व्होल्ट डीसी, म्हणजे पावसात कुणाचा हात लागला तरी धोका नाही आणि मोबाइलच्या चित्रीकरणात लुकलुकही दिसत नाही.

उजेडाचा हिशेब असा जमला. घेराच्या निम्मी भिंत उजळायची म्हणजे ९० चौरस मीटर, त्यावर २६ लक्स म्हणजे दगडावर सुमारे २३४० ल्युमेन पोचायला हवेत. टोपी आणि अरुंद झोतामुळे दिव्याच्या उजेडापैकी ३५ टक्केच कामी येतो असं धरलं तर एकूण ६७०० ल्युमेन लागतात. चौदा दिव्यांत वाटले की प्रत्येकी ४८० ल्युमेन, म्हणजे सहा वॅटचा दिवा पुरतो. जुन्या ८०० वॅटच्या जागी भिंतीसाठी ८४ वॅट लागले.

शिखर आणि मुखवटा

शिखरासाठी जुने दोन खांब कामाला आले. ते पाच मीटरपर्यंत कापले, उरलेले दोन काढून टाकले. प्रत्येकावर २० वॅटचा, २० अंश झोताचा एकच दिवा. एवढा झोत १५ मीटरवर सव्वापाच मीटर रुंद पडतो. शिखर वर निमुळतं होत जातं, त्यामुळे गोल झोताचा मोठा भाग दोन्ही बाजूंनी सरळ आकाशात गेला असता. आकाशात सुटलेला हा उजेड कुणाच्या उपयोगाचा नाही, पण पाखरांना लांबूनही दिसतो.

यावर उपाय म्हणजे भिंगाच्या दिव्यात धातूचा मुखवटा. स्लोव्हेनियात जुन्या चर्चच्या प्रकाशयोजनेत हाच मार्ग वापरला गेला आहे. तिथे इमारतीच्या आकाराचा मुखवटा लावून उजेड भिंतीपुरता मर्यादित ठेवला आणि पतंग घटल्याचं आढळलं. इथे आधी जाड पुठ्ठा कात्रीने कापून पाहिला. एक जण शिडीवर, दुसरा शिखरापलीकडच्या चिंचेखाली. चिंचेच्या पानांवर उजेड दिसला की पलीकडून हाक यायची आणि पुठ्ठ्याची कड आणखी आत घेतली जायची. तीन पुठ्ठे वाया गेल्यावर बसलेला आकार एक मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये कापून घेतला. कळसाचा वरचा अर्धा मीटर मुद्दाम अंधारात सोडला, कारण दिवा वाऱ्याने थोडा हलतोच.

दोन्ही खांबांवरचे दिवे सारख्या ताकदीने लावल्यावर शिखर पुन्हा सपाट झालं, जुन्या फ्लडलाइटचाच दोष छोट्या प्रमाणात. मग दुसरा दिवा पाव ताकदीवर आणला. मुख्य आणि भरीचा उजेड चारास एक राहिला की कूटांच्या ओळी सुट्या दिसतात आणि सावलीतला दगडही पूर्ण मावळत नाही.

रंग : २२०० केल्व्हिन की अंबर

कीटकांना अतिनील आणि निळा उजेड जास्त जाणवतो. मेटल हॅलाइडमध्ये दोन्ही असतं. पांढऱ्या एलईडीत अतिनील जवळपास नसलं तरी ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचं शिखर असतं आणि ६५०० केल्व्हिनमध्ये ते सर्वांत उंच असतं. २२०० केल्व्हिनच्या पिवळसर उजेडात निळा भाग फार थोडा उरतो, अंबर म्हणजे नारिंगी दिव्यात जवळपास नाहीच.

मग सरळ अंबरच का नाही? चाचणीत तीन दिवे एकमेकांपासून लांब, सारख्या उजेडाने लावून प्रत्येकाखाली साबणाच्या पाण्याची पांढरी थाळी ठेवली. जागेचा फरक निघून जावा म्हणून रोज दिव्यांची अदलाबदल केली. ६५०० केल्व्हिनखालची थाळी तासाभरातच भरली. २२०० आणि अंबर यांच्यात अंबर थोडा सरस होता. पण तोच २२०० केल्व्हिनचा दिवा टोपीसह आणि टोपीशिवाय लावून पाहिला तेव्हा पडलेला फरक त्या दोघांतल्या फरकापेक्षा मोठा निघाला. याचं एक कारण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सापडतं : उडणारे कीटक आपली पाठ उजळ बाजूकडे ठेवतात. रात्री ती बाजू आकाश असते. जवळ उघडा दिवा असला की पाठ त्याच्याकडे वळते आणि कीटक घिरट्यांत अडकतात. दिव्याचं तोंडच दिसलं नाही तर हा सापळा बराचसा मोडतो.

अंबरखाली बेसाल्ट नारिंगी दिसतो आणि त्यावरचे दगडफुलाचे ठिपके, जुन्या दुरुस्तीतला वेगळा दगड, हे सगळं एकरंगी होऊन जातं. २२०० केल्व्हिनला हा फरक ओळखता येतो. निर्णय २२०० केल्व्हिन आणि टोपी असा झाला. चुनखडी किंवा रंगवलेल्या भिंती असत्या तर गणित बदललं असतं. काळा दगड मुळातच जवळपास रंगहीन असल्याने इथे पिवळसर उजेडात फारसं काही हरवत नाही.

प्रत्यक्ष काम आणि काय चुकलं

माल आला तेव्हा खोक्यांवर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेलं होतं. आत ३००० केल्व्हिनचे दिवे निघाले. डोळ्याला हा फरक एकट्या दिव्यात कळत नाही, शेजारी नमुना ठेवला तरच कळतो. नमुन्याचा दिवा सीलबंद करून कार्यालयात ठेवलेला होता म्हणून वाद झाला नाही आणि माल परत गेला.

टोपीच्या तोंडाशी आणखी एक मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी बसवली होती. झोत कापायला ती उत्तम, पण त्या घरांत कोळ्यांनी संसार थाटला आणि काही आठवड्यांत उजेड उघडच मंदावला. जाळ्या काढल्या आणि त्याऐवजी टोपी पाच सेंटिमीटर वाढवली. लांब नळी पुसता येते, पोळं पुसता येत नाही.

पहिल्या पावसात ओल्या दगडाचा प्रश्न समोर आला. भिजलेला बेसाल्ट जास्त काळा होतो आणि वर आरशासारखा चमकतो. भिंत अंधारली आणि जगतीच्या ओल्या फरशीत दिव्यांचे लांब पट्टे उमटले. पाठ करून ठेवलेले दिवे प्रतिबिंबातून डोळ्यांसमोर आले. टोपीचं तोंड दोन अंश वर उचलून फरशीवर पडणारी किनार काढली, तेव्हा पट्टे बरेच कमी झाले. पूर्ण गेले नाहीत.

वळवाच्या पहिल्या सरीनंतर वाळवीचे पंखवाले किडे बाहेर पडतात तेव्हा मात्र ना रंग उपयोगी पडला ना टोपी. उजळलेली भिंतच त्यांना खेचते. आता पहिल्या जोरदार सरीनंतर दोन-तीन संध्याकाळी दिवे लावायचेच नाहीत असा लेखी नियम आहे आणि किल्ली गुरवांकडे आहे. एरवी दिवे सात ते नऊ पूर्ण, नऊ ते दहा निम्मे आणि नंतर बंद. दहाला बंद केल्याने कीटकांचा संध्याकाळचा भर टळत नाही. खरी बचत आधीच्या तीन तासांत दिवा कसा झाकला आहे त्यावर आहे.

‘अंधार वाटतो’

पहिल्या पंधरवड्यात तक्रारी आल्या. उपसरपंचांनी मोबाइलवर काढलेले जुने-नवे फोटो शेजारी ठेवून विचारलं, “पैसे घेऊन उजेड कमी केला का राव?” मोबाइल स्वतःच उजेड वाढवून-कमी करून घेतो, त्यामुळे त्या फोटोंवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. एक्स्पोजर एकच ठेवून काढलेले फोटो दाखवल्यावर मूर्तींमधला फरक मान्य झाला, पण ‘अंधार’ कायम राहिला. तक्रार खरीच होती. फाटकावर ग्रामपंचायतीचा ६५०० केल्व्हिनचा उघडा पथदिवा होता. त्याच्याखालून येणाऱ्याच्या डोळ्यांना १ कँडेलाची भिंत काळीच दिसणार. तो दिवा बदलून २२०० केल्व्हिनचा, सपाट काचेचा, फक्त खाली उजेड टाकणारा बसवला आणि आवाराची पांढरी भिंत मातकट रंगाने रंगवली. तक्रारी थांबल्या. मंदिरावर एक वॅटही वाढवावा लागला नाही.

निष्पत्ती

बाहेरच्या भिंतीवरची जाळी स्पष्ट घटली. खराटा आणि पाण्याचा पाइप बंद झाले. आता महिन्यातून एकदा मऊ कुंचल्याने, तेही खात्याच्या माणसासमोर, सफाई होते. जंघेवरच्या मूर्ती प्रदक्षिणेच्या वाटेवरून नीट वाचता येतात. गजथर मात्र फिरते चार दिवे मांडले तरच दिसतो, रोजच्या रात्री तो हरवलेलाच असतो. ही तडजोड जाणूनबुजून केलेली आहे.

महाशिवरात्रीला देवस्थानच्या मंडळींना माळा आणि हॅलोजन हवे असतात. पहिल्या वर्षी त्यांनी प्रकाशयोजनेच्याच केबलला जोड दिली आणि वीजपुरवठ्याचा डबा जळाला. आता फाटकाशी वेगळी जोडणी आहे. माळा आवारात लागतात, दगडावर नाही.

पुन्हा करायचं झालं तर

फाटकावरचा दिवा शेवटी बदलला, तो आधी बदलायला हवा होता. आजूबाजूचा उजेड मोजल्याशिवाय मंदिरावरचं लक्ष्य ठरवणं म्हणजे अर्ध्या माहितीवरचा हिशेब.

निविदेत वॅट, ल्युमेन आणि केल्व्हिन होते. टोपीची खोली, भिंतीशी कोन आणि ‘ठराविक जागी उभं राहिल्यास दिव्याचं तोंड दिसता कामा नये’ ही अट नव्हती. ती कामाच्या वेळी तोंडी सांगावी लागली आणि ठेकेदाराने जादा बिल लावलं. त्याच्या बाजूने ते योग्यच होतं. अशा निविदेत प्रेक्षकांच्या पाच-सहा जागा नकाशावर खुणा करून द्याव्यात आणि काम तिथूनच तपासून घ्यावं.

दिव्यांचे सांधे पहिल्यापासून कुलूपबंद हवेत. झाडलोट करताना धक्का लागून दोन दिवे सहा-सात अंश फिरले होते आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. एवढ्याने २५ अंशांचा कोन १८ वर येतो आणि एका मूर्तीची सावली दुसरीच्या तोंडावर जाते. आता सांध्यावर रंगाची बारीक रेघ ओढलेली आहे. रेघ तुटलेली दिसली की दिवा सरकला असं समजायचं. चाचणी कोरड्या हिवाळ्यात झाली, ती भिंतीवर पाणी मारून एकदा ओल्या दगडावरही घ्यायला हवी होती.

मुखमंडपाच्या वितानाचा, म्हणजे कोरीव छताचा, प्रश्न अजून सुटलेला नाही. तिथलं कोरीवकाम सर्वांत नाजूक आहे आणि तिथेच वटवाघळांची वस्ती आहे. छतावर टाकलेला कोणताही उजेड त्यांना हुसकावतो. तूर्त तिथे दिवा लावायचा नाही असं ठरलं आहे. ज्याला पाहायचं आहे त्याला गुरव दिवसा नेतात आणि मंडपाच्या कडेच्या दगडी बाकावर, कक्षासनावर, आरसा धरून बाहेरचं ऊन छतावर तिरपं सोडतात.